मीडिया किटमध्ये पहिला आकडा कोल्हापूरचा टाक

भावा, मीडिया किट म्हणजे जाहिरात मिळवायला दुकानदाराला दाखवायचं आपल्या इन्स्टा पेजच्या आकड्यांचं पान. त्यात राजारामपुरीतल्या मिसळवाल्याला नुसते ६,००० फॉलोअर्स सांगून काय उपयोग, त्याला गिऱ्हाईक कोल्हापूरचं पायजे. म्हणून नावाखाली पहिला आकडा शहराचा टाक. इन्स्टाच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्स उघडलंस की टॉप लोकेशन्स दिसतात, तिथं कोल्हापूर ४० टक्के असेल तर सरळ लिही, कोल्हापुरातले अंदाजे २,४००.

मग रीच. एक रील ८० हजारांवर गेली म्हणून तीच दाखवू नकोस, शेवटच्या १० रील्सचे आकडे चढत्या क्रमानं लाव आणि मधल्या दोनांची सरासरी दे, कारण व्हायरल रील बऱ्याचदा बाहेरगावीच फिरलेली असते आणि दुकानदार त्या आशेवर पैसे देऊन बसला की पुढच्या वेळी फोनच उचलत नाही. आकड्यांखाली तारीख हवीच. शेवटी रेट आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर, बास.