चट्टा बधिर आहे का, कसं ओळखायचं?

प्रश्न: वडिलांच्या उजव्या हातावर फिकट चट्टा आहे, खाजत नाही. करंगळीला मुंग्या येतात. कुष्ठरोग असेल का? (तासगाव, जि. सांगली)

शक्यता आहे. वडिलांना डोळे मिटायला सांगा. कापसाचं टोक आधी चांगल्या कातडीला, मग चट्ट्याला टेकवा आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगा. चट्ट्यावर वारंवार चुकले, तर तो बधिर. कोड असतं तर स्पर्श कळला असता.

मग कोपर वाकवून आतल्या हाडामागची नस दोन्ही हातांची हलकेच चाचपा. उजवीकडची दोरीसारखी जाड किंवा दुखरी लागली, तर मुंग्यांचं कारण तेच. जाड नसली तरी निर्धास्त होऊ नका. नुसता बधिर चट्टाही निदानाला पुरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि एमडीटी म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या गोळ्या फुकट आहेत. करंगळी वाकडी व्हायच्या आत जा.