३१ मार्चची विक्री कशी तपासायची

अरे, फसवणूक रोखणं हे व्यवस्थापनाचं काम, ऑडिटरचं नाही, असं तू म्हणतोस ते खरं. पण एसए २४० या ऑडिटच्या मानकाप्रमाणे ऑडिटरने विक्रीच्या नोंदीत फसवणुकीचा धोका आहे असं आधीच धरून चालायचं असतं. आणि साहेबांनी नियंत्रणं डावलण्याचा धोका तर प्रत्येक कंपनीत असतोच, मालक कितीही सज्जन वाटो.

माझ्या एका ऑडिटमध्ये ३१ मार्चला ८० लाखांची तीन बिलं होती. बिलं चोख, सही-शिक्क्यासकट. मी ट्रकची बिल्टी मागितली, तर अकाउंटंट चहा मागवायला उठला! ई-वे बिल निघालं ४ एप्रिलचं. माल गोदामातच होता, म्हणजे विक्री पुढच्या वर्षाची. म्हणून बिलाच्या तारखेवर न थांबता माल कधी हलला ते बघ, आणि एप्रिल-मेच्या क्रेडिट नोटा चाळ. मार्चचा माल तिथे परत आलेला दिसतो.

मग जर्नल एंट्रीज. सेल्स खात्यात थेट जर्नलने जमा, गोल आकडा, रात्री अकराची वेळ, फायनान्स हेडचा स्वतःचा लॉगिन, नॅरेशन कोरं: अशी एंट्री दिसली की कागद माग. तोंडी खुलासा वहीत लिहून घे, पण त्याला पुरावा समजू नकोस.