फोन सगळ्यांचा, खातं एकाचं

प्रश्न: घरात एकच अँड्रॉइड फोन आहे. बायको, आई, आठवीतला मुलगा सगळेच वापरतात, लॉक सगळ्यांना माहीत आहे. यूपीआय आणि बँकेचं ॲप त्यातच. पिन-पासवर्ड कसे ठेवू?

उत्तर:

पिनच्या आधी स्क्रीन लॉकचं बघा. बरीच यूपीआय ॲप्स उघडायला फोनचंच लॉक चालतं. म्हणजे मुलगा ॲप उघडून शिल्लक सोडून बाकी सगळे व्यवहार पाहू शकतो, पैसे पाठवायला गेला की यूपीआय पिन आडवा येतो. बोटाचं त्याहून अवघड. बँकेच्या ॲपला बहुतेक वेळा एवढंच कळतं, की फोनमध्ये नोंदवलेलं बोट लागलं. ते कोणाचं, हे कळत नाही. म्हणून बँकेच्या ॲपमधलं फिंगरप्रिंट लॉगिन बंद करा आणि एमपिन ठेवा. नेटबँकिंगचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका, तोही स्क्रीन लॉक टाकून वाचता येतो.

आता पिन. बाहेरच्या चोरापेक्षा घरच्यांना अंदाज बांधणं सोपं असतं: जन्मसाल, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर त्यांना पाठ असतो. हे सगळं टाळा, आणि फोनचा, एटीएमचा व यूपीआयचा पिन वेगवेगळा ठेवा. बँक सहा आकडी पिन देत असेल तर तोच घ्या. पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडा, `Bhendi-rickshaw7-ughdap-tambya` असं काहीतरी. (हाच उचलू नका म्हणजे झालं.)

पिन कितीही चांगला असला तरी दोन वाटा उघड्या राहतात. पहिली यूपीआय लाइट: त्यातून एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. मुलाच्या हातात फोन असेल तर ते बंद करा, उरलेले पैसे खात्यात परत येतात. दुसरी वाट पिन बदलण्याची. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढ्यावर बऱ्याच बँकांत नवा यूपीआय पिन काढण्याची सुरुवात होते. काही ठिकाणी एटीएम पिनही मागतात. ओटीपी त्याच फोनवर येणार. त्यामुळे गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो असेल तर आजच काढून टाका, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही.

परवानग्यांत मी दोनच गोष्टी काटेकोरपणे बघतो. सेटिंग्जमध्ये Permission manager उघडून SMS वर जा. मेसेजचं ॲप, बँक आणि यूपीआय ॲप यांना ती लागते, कारण सिम तपासायला मेसेज जातो. गेम, टॉर्च, झटपट कर्जवाली ॲप्स तिथे दिसली तर परवानगी काढा, नाहीतर ती ओटीपी वाचू शकतात. मग Accessibility पाहा. ही परवानगी घेतलेलं ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. मुलाने बाहेरून एपीके टाकून घेतलेला गेम तिथे चालू दिसला तर परवानगी काढून थांबू नका, गेमच उडवा.

फोनमध्ये Multiple users असेल तर मुलाला वेगळा युजर काढून द्या. तिथे तुमची बँकेची ॲप्स दिसत नाहीत. कॉल आणि मेसेजची परवानगी त्या युजरला देऊ नका. काही कंपन्यांच्या फोनांत ही सोय नसते.