सॉक अॅनालिस्टच्या नोकरीची मुलाखत : वाचकांचे प्रश्न

एल-वन, एल-टू, एल-थ्री म्हणजे अनुभवाची वर्षंच ना? (भुसावळ)

नाही. सॉक, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा केंद्रातल्या, या कामाच्या पायऱ्या आहेत. एल-वन अलर्ट उघडून खरा-खोटा ठरवतो, एल-टू खोलात तपास करतो, एल-थ्री नियमांतून निसटलेलं शोधतो आणि नवे नियम लिहितो. मशीन नेटवर्कवरून तोडायचा अधिकार कुणाला, हे मात्र कंपनीगणिक बदलतं. मुलाखतीतच विचारून घ्या.

क्लासवाले तीनशे प्रश्नोत्तरं पाठ करायला देतात. पुरतील? (जळगाव)

फक्त क्लासवाल्यांना.

अलर्टच्या भडिमारानं येणाऱ्या थकव्यावर, म्हणजे अलर्ट फटीगवर, उपाय विचारला. ‘फॉल्स पॉझिटिव्ह बंद करीन’ म्हणालो, तर पॅनेल हसलं. का? (धुळे)

हे उत्तर सगळेच देतात आणि ते घातक आहे. एक उदाहरण घ्या. बॅकअपच्या सर्व्हिस खात्याचा पासवर्ड बदलला, पण सर्व्हरवरच्या शेड्यूल्ड टास्कमध्ये जुनाच राहिला. दर पाच मिनिटांनी `4625`, म्हणजे फसलेलं लॉगिन, पडतो, लॉगॉन टाइप 4, म्हणजे शेड्यूल्ड टास्कचं, सब-स्टेटस `0xC000006A`, म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक. खातं लॉक का होत नाही? अॅक्टिव्ह डिरेक्टरी लगतच्या दोन जुन्या पासवर्डांचे प्रयत्न लॉकआउटसाठी मोजतच नाही. आठ तासांच्या पाळीत ९६ अलर्ट होतात. चाळिसावा कुणी वाचत नाही, आणि कंटाळलेला एल-वन त्या खात्याचे सगळेच अलर्ट दाबून टाकतो. मग पहाटे त्याच खात्यानं दुसऱ्या मशीनवर `4624`, टाइप 10, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं यशस्वी लॉगिन होतं. बॅकअपच्या खात्याला तिथं काय काम? पण अलर्ट तर तुम्हीच दाबलेला असतो.

खरा उपाय टास्कमधला पासवर्ड दुरुस्त करणं. तोवर अपवाद घालायचाच तर खातं, सर्व्हर आणि टाइप 4 हे तिन्ही जुळले तरच, आणि मुदत घालून. तोही एल-टू आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमला विचारूनच. एल-वननं परस्पर नियमाला हात लावायचा नाही, हे मुलाखतीत सांगाच.

शिफ्ट हँडओव्हरमध्ये काय लिहायचं? (नंदुरबार)

काय तपासलं, काय बाकी आहे, उत्तर कुणाकडून यायचंय, आणि किती वाजेपर्यंत न आल्यास पुढं कुणाला कळवायचं. ‘बघतोय’ लिहिलेलं तिकीट म्हणजे बेवारस तिकीट. नुसतं कळवूनही भागत नाही. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीत मालवेअरचे अलर्ट वाजले होते, बंगळूरच्या टीमनं ते मिनियापोलिसला कळवलेही होते. पुढं वेळेत कारवाई झाली नाही आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला. म्हणून पुढच्या पाळीतल्या माणसानं तिकीट स्वतःच्या नावावर घेतल्याशिवाय उठू नका.

पाळी संपायला दहा मिनिटं असताना वरच्यासारखा टाइप 10 दिसला तर? (शिरपूर)

आधी एल-टूला फोन, मग हँडओव्हरची नोंद.