जेंटामायसिनची ट्रफ लेव्हल का बघतात?

प्रश्न: जेंटामायसिन या अँटिबायोटिकने किडनी आणि कानाला त्रास होतो हे पाठ आहे, पण एमसीक्यूमध्ये पीक, म्हणजे डोसनंतरची रक्तातली सर्वात जास्त पातळी, सोडून ट्रफवरच, म्हणजे पुढच्या डोसआधीच्या सर्वात कमी पातळीवरच, भर का असतो?

उत्तर: कारण विषारीपणा ट्रफशी जास्त जोडलेला आहे. किडनीच्या प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमधल्या पेशी मेगॅलिन या रिसेप्टरमार्फत औषध आत ओढतात, आणि ही वाट लवकर भरते. त्यामुळे पीक दुप्पट झाला तरी आत जाणारं औषध दुप्पट होत नाही. पण दोन डोसांच्या मध्ये पातळी खाली आलीच नाही, तर पेशीत साठा वाढतच राहतो.

समजा, दर ८ तासांनी डोस चालू आहे आणि पुढच्या डोसच्या जरा आधी घेतलेला ट्रफ ३ मिग्रॅ/लिटर आला, म्हणजे २ च्या वर. पीक योग्य असेल तर डोस कमी करू नका, अंतर वाढवा. जंतू मारायला पीक लागतोच. क्रिएटिनिन उशिरा वाढतं, त्याची वाट बघू नये. ट्यूब्यूल बहुधा सावरतात, कानातल्या हेअर सेल्स मात्र पुन्हा उगवत नाहीत. आणि ट्रफ ठीक असला तरी कान सुरक्षित असतोच असं नाही.