ओळंबा, तानकाटा आणि तोल

«अकरावी-बारावीच्या मुलांना जिम्नॅस्टिक्स आणि कराटेतला तोल गुरुत्वमध्य व आधाराचा पाया वापरून कसा शिकवावा?»

मी परभणी जिल्ह्यात खेळ शिकवतो. व्याख्या मी शेवटी सांगतो, आधी प्रयोगशाळेतला तानकाटा मैदानावर आणतो.

मूल सरळ उभं राहिलं की गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो. तिथून ओळंबा सोडला असं समजा. तो दोन्ही पावलं आणि त्यांमधली जागा मिळून झालेल्या पायाच्या आत पडतो तोवर तोल टिकतो. मात्र पाया किती मोठा यापेक्षा, ज्या दिशेला पडायचं त्या बाजूची कड ओळंब्यापासून किती लांब, हे महत्त्वाचं.

50 किलोचा मुलगा पाय फाकवून उभा आहे. त्याच्या छातीला खांद्यालगत, जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर, टॉवेल बांधा आणि तानकाट्याने हळूहळू मागे ओढा. ओळंब्यापासून टाचेची कड साधारण 10 सेंटिमीटर. 50 गुणिले 10 भागिले 130, म्हणजे जेमतेम 4 किलोला त्याचे चवडे उचलले जातात! आता एक पाय पुढे टाकून कराटेतला लांब पवित्रा घ्यायला लावा. मागची कड 40 सेंटिमीटरवर गेली, तर तोच हिशेब 15 किलोवर जातो. पण दोन्ही पावलं एका रेषेत आली असतील तर बाजूने ओढून बघा. कड फक्त 5 सेंटिमीटरवर आहे, 2 किलोतच गडी आडवा. म्हणूनच या पवित्र्यात पावलांमध्ये खांद्याएवढी रुंदी ठेवायला सांगतात.

आकडे तंतोतंत येणार नाहीत, कारण मूल म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे. ओढ जाणवली की ते उलट्या बाजूला झुकतं आणि ओळंबा सरकवतं. ते झुकलेलं असताना ओढ एकदम सोडा, ते पुढे कोलमडतं. (पुढे गादी आणि धरायला दोघं हवेतच.) आखाड्यातला पैलवान हेच करतो: आधी रेटतो, समोरचा रेटायला लागला की त्याच दिशेला खेचतो. फरशीवर धूळ असेल तर लांब पवित्र्यात पाऊल आधी घसरतं. चवडा किंवा टाच उचलली तर तोल गेला, पाऊल फरफटलं तर घर्षण कमी पडलं. मुलांना हा फरक डोळ्यांनी ओळखता आला पाहिजे.

हँडस्टँडमध्ये मनगट ते बोटांची टोकं एवढाच, 16-17 सेंटिमीटरचा पाया उरतो. ओळंबा बोटांकडे गेला तर बोटं जमिनीत दाबून तो मागे आणता येतो. मनगटाच्या मागे गेला तर तिथे दाबायला काहीच नसतं, पाय खाली येतात. म्हणून भार बोटांच्या मुळाशी ठेवायला सांगा आणि नखांकडे बघा. बोटं दाबली जात असतील तर नखांची टोकं पांढरी पडतात.