वहीतलं हे वाक्य माझं की पुस्तकातलं?

"मॅडम, १९७२च्या दुष्काळावर प्रबंध लिहितेय. तीन वर्षांच्या वह्या भरल्यात. आता लिहायला बसले तर कुठलं वाक्य माझं आणि कुठलं उतरवलेलं, तेच कळत नाही. उद्या कुणी चोरी म्हटलं तर?"

मी या विद्यार्थिनीला एक वही घेऊन बोलावलं. दुष्काळी कामांवरच्या बायकांबद्दल एका पानावर सलग दोन वाक्यं होती. पहिलं ती ठामपणे स्वतःचं म्हणाली. ग्रंथालयातून मूळ इंग्रजी अहवाल काढला, तर ते त्याचं शब्दशः भाषांतर निघालं. मराठीत लिहितो म्हणून ते आपलंच वाटतं. आपल्याकडे ही चूक सर्रास होते. तपासणीच्या सॉफ्टवेअरला असं भाषांतर सहसा सापडत नाही, पण म्हणून ते आपलं होत नाही.

दुसरं वाक्य आणखी गमतीचं होतं. त्याचा पूर्वार्ध अहवालातला, तर उत्तरार्ध तिच्या आजीचा. आजी खडी फोडायला जायची. तळटीप अहवालाची दिली असती, तर आजीची साक्ष अहवालाच्या नावावर गेली असती!

मग आम्ही नवी वही आखली. डावं पान पुस्तकाचं, उजवं तिचं. डावीकडे आधी पृष्ठक्रमांक लिहायचा, मगच वाक्य. अवतरणचिन्ह उघडल्याशिवाय एक शब्दही उतरवायचा नाही. उतारा पुढच्या पानावर जात असेल तर जिथे पान उलटतं तिथे तिरकी रेघ मारायची. नंतर अर्धंच वाक्य वापरलं तरी पृष्ठ चुकत नाही. भाषांतराला 'अनु.' लिहायचं आणि मोक्याच्या ओळींचं मूळ इंग्रजीही शेजारी ठेवायचं. सारांश पुस्तक मिटून लिहायचा, मग उघडून ताडायचा. एखादा शब्दसमूह जसाच्या तसा आला असेल, तर त्याला तिथल्या तिथे अवतरणचिन्ह द्यायचं. सारांशालाही पृष्ठक्रमांक हवाच. उजव्या पानावर शंका, मतं आणि आजी. आजीच्या आठवणीपुढे तारीख.

"संगणकावर रंग दिले तर?" तिनं विचारलं. रंग दिसायला छान, पण मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये साधा म्हणून चिकटवला की उडून जातात. अवतरणचिन्ह आणि 'अनु.' मजकुराबरोबरच जातात.

जुन्या वह्या पुन्हा लिहू नकोस, असं मी सांगितलं. चालू प्रकरणाला लागतील तेवढीच पानं घ्यायची आणि खूण नसलेलं प्रत्येक वाक्य परकंच धरायचं. जिथे वाक्य एकदम सफाईदार होतं, किंवा आपण एरवी वापरत नाही असा शब्द येतो, तिथून शोधायला लागायचं.

महिन्याभरानं ती आली. चार वाक्यांचा उगम सापडला नव्हता. त्यातलं एक तिला फार आवडायचं. "ठेवू का, मॅडम?" म्हणाली. मी नाही म्हटलं. थोडी रुसली, पण काढलं.